पंचवीस मिलिमीटरचे भोक आणि वीस मायक्रॉन

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटे वर्कशॉप चालवतो. मोठ्या कारखान्यांची ड्रॉइंगे घ्यायची, त्याप्रमाणे जॉब करून द्यायचे, असा त्याचा धंदा. गेल्या दिवाळीत भेटायला आला तेव्हा त्याने आपल्या एका गिऱ्हाइकाला लिहिलेले पत्र मला वाचायला दिले. "सर, हिशेब बरोबर आहे का एवढे बघा," म्हणाला. हिशेब बरोबर होता. पत्र मला इतके आवडले की नावे गाळून ते तुमच्यापुढे ठेवण्याची परवानगी मी त्याच्याकडून मागून घेतली.

पत्र वाचण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घेऊ. "पंचवीस मिलिमीटर व्यासाचे भोक पाडा" असे नुसते सांगून कारखान्यात भागत नाही, कारण नेमके पंचवीस मिलिमीटरचे भोक जगात कोणालाच पाडता येत नाही. एक भोक २५.००४ होईल, दुसरे २५.०११. म्हणून ड्रॉइंगवर चूक किती चालेल तेही लिहितात. या मुभेला टॉलरन्स म्हणतात. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा.

ही मुभा लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. भोकापुढे 'एच-६' लिहिले असेल, तर 'एच' हे अक्षर सांगते की भोक पंचवीसपेक्षा लहान मुळीच नको, मोठे थोडे चालेल. किती मोठे, ते अंक सांगतो. या मापाच्या भोकाला ६ म्हणजे १३ मायक्रॉन, ७ म्हणजे २१ आणि ८ म्हणजे ३३ मायक्रॉन. प्रत्येक पायरीला मुभा सुमारे १.६ पट वाढते, हे भागाकार करून पाहा. भोकात बसणाऱ्या पिनेसाठी लहान लिपीतली अक्षरे वापरतात. येथे पीन 'एफ-७' आहे, म्हणजे पंचवीसपेक्षा कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनने बारीक. आता पत्र वाचा.

"मा. खरेदी व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या बिडाच्या लिव्हरची ६०० नगांची नवी ऑर्डर मिळाली. आभारी आहे. काम सुरू करण्यापूर्वी एक सूचना करू इच्छितो. मोठ्या भोकाचा टॉलरन्स ड्रॉइंगवर एच-६ आहे, तो एच-८ करावा अशी विनंती आहे.

हे भोक ज्या पिनेवर फिरते ती एफ-७ आहे आणि मध्ये ग्रीस असते. आजच्या ड्रॉइंगप्रमाणे सर्वांत लहान भोकात सर्वांत जाड पीन गेली तर २० मायक्रॉन जागा राहते, आणि सर्वांत मोठ्या भोकात सर्वांत बारीक पीन गेली तर ५४. एच-८ केल्यास पहिला आकडा २० हाच राहील, म्हणजे लिव्हर कोठेही घट्ट होणार नाही. दुसरा मात्र ७४ होईल. म्हणजे आपण जे काही गमावणार ते फक्त ढिलेपणाच्या बाजूचे २० मायक्रॉन.

भोकाची लांबी ४० मिलिमीटर आहे आणि रोलर पिनेपासून २०० मिलिमीटर दूर आहे. भोकातला ढिलेपणा रोलरपाशी पाचपट होऊन दिसतो. आज तो रोलर बाजूला जास्तीत जास्त ०.२७ मिलिमीटर डुलू शकतो, पुढे ०.३७ डुलेल. आपल्या ड्रॉइंगवर रोलरच्या दोन्ही बाजूंना पट्टीपासून एक-एक मिलिमीटर जागा आहे.

झीज लवकर दिसेल, हे मी लपवत नाही. ढिलेपणा १५० मायक्रॉन झाला की आपले लोक पीन बदलतात, असे आपल्या देखभाल विभागाकडून समजले. सरासरी जोडीचा सुरुवातीचा ढिलेपणा आज ३७ मायक्रॉन असतो, पुढे ४७ असेल. म्हणजे झिजायला ११३ ऐवजी १०३ मायक्रॉन उरतील. पिनेचे आयुष्य सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होईल असे धरावे.

खर्चाचे असे आहे. एच-६ साठी रीमर मारल्यावर प्रत्येक नग होनिंगला लावावा लागतो. मजुरी, दगड आणि तेल धरून त्याचे ४२ रुपये होतात. एच-८ रीमरवरच निघते. आज प्रत्येक भोक बोअर गेजने मोजावे लागते. पुढे गो-नोगो प्लग गेज पुरेल, त्यात ६ रुपये वाचतील. मागच्या लॉटमध्ये शेकडा आठ नग ओव्हरसाइज होऊन बाद झाले. नगामागे २५० रुपयांचे बीड आणि काम वाया गेले, ते चांगल्या ९२ नगांवर वाटले तर प्रत्येकी सुमारे २२ रुपये पडतात. एच-८ ला शेकडा एकाहून जास्त नग बाद होऊ नये, म्हणजे येथे सुमारे १९ रुपये वाचतील. एकूण बचत ६७ रुपये. त्यातले ५० रुपये मी आपल्या दरात कमी करतो, नगाचा दर ३९० ऐवजी ३४० होईल. उरलेले १७ मी ठेवणार आहे. नव्या गेजचा खर्च त्यातूनच करावा लागेल.

टोकाचे १६ मिलिमीटरचे भोक एच-७ आहे, त्याला कृपया हात लावू नये. तेथे रोलरची पीन दाबून बसवलेली असते.

आपली संमती असल्यास आधी २० नग मुद्दाम वरच्या मर्यादेजवळ, २५.०३० च्या आसपास करून पाठवतो. आपल्याकडच्या सर्वांत बारीक पिना घालून ते चालवून पाहावेत. समाधान झाले तरच ड्रॉइंग बदलावे.

कळावे. आपला विश्वासू."

पत्रातली पाचपट कोठून आली? पीन भोकात तिरपी झाली की ती एका तोंडाशी वर टेकते आणि दुसऱ्या तोंडाशी खाली. चाळीस मिलिमीटर लांबीत ती ०.०७४ मिलिमीटर सरकू शकते. हा झाला उतार. तोच उतार लिव्हरच्या २०० मिलिमीटर लांबीवर धरला तर २०० भागिले ४०, म्हणजे पाचपट. समरूप त्रिकोण तुम्ही भूमितीत शिकलात, ते हेच. भोक २० मिलिमीटरच लांब असते तर हेच डुलणे दुप्पट झाले असते, आणि मग या विनंतीला मीही होकार दिला नसता.

सोळा मिलिमीटरच्या भोकाचा मुद्दा तर मला सर्वांत मोलाचा वाटला. तेथली पीन 'पी-६' आहे, म्हणजे सोळापेक्षा १८ ते २९ मायक्रॉनने जाड. भोक एच-७, म्हणजे सोळापेक्षा ० ते १८ मायक्रॉनने मोठे. सर्वांत मोठे भोक आणि सर्वांत बारीक पीन एकत्र आली तरी पीन भोकाहून लहान ठरत नाही. इतर सर्व जोड्यांत ती जाडच असते, आणि प्रेसवर दाबून बसवली की घट्ट राहते. आता तेथेही एच-८ करा. भोक २७ मायक्रॉनपर्यंत मोठे चालेल, आणि १८ मायक्रॉन जाड पीन त्यात ९ मायक्रॉन ढिली पडेल. रोलर चालता चालता पीन निघून येईल. लिव्हर एकच आणि बदलही तसाच एका-दोन पायऱ्यांचा, पण एका टोकाला तो पैसे वाचवतो आणि दुसऱ्या टोकाला यंत्र मोडतो. फिरत्या जोडीत आपण आधीपासून असलेली जागा थोडी वाढवतो, दाबलेल्या जोडीत मात्र पकडच संपवतो.

आता जे पत्रात नाही ते सांगतो. शेकडा आठ नग ओव्हरसाइज का होत होते? मी त्याला विचारले, जॉब मोजता केव्हा? म्हणाला, "होनिंगवरून उतरला की लगेच." बीड तापले की दर अंशाला सुमारे अकरा दशलक्षांश भागाने वाढते. जॉब गेजपेक्षा दहा अंश गरम असेल तर २५ मिलिमीटरचे भोक पावणेतीन मायक्रॉनने मोठे होते. (धातू तापल्यावर भोक आकसते असे वर्गातली निम्मी मुले सांगतात. तसे होत नाही, भोकही पसरते.) म्हणजे गरम असताना २५.०१४ दाखवून बाद झालेला नग थंड झाल्यावर २५.०११ चा, म्हणजे अगदी चांगला निघाला असता. याच्या उलट गरम असताना २५.००१ म्हणून पास झालेला नग थंड झाल्यावर २४.९९८ होतो, तो लहान भोकाचा आणि खरे तर नापास. तेरा मायक्रॉनच्या मुभेतले जवळजवळ तीन मायक्रॉन नुसते तापमान खाऊन टाकते. तेहेतीसमध्ये त्यांचे एवढे काही वाटत नाही. मापे वीस अंश सेल्सियसला धरायची असा संकेत याचसाठी आहे. जॉब आणि गेज रात्रभर एकाच टेबलावर ठेवले तरी बराच फरक मिटतो. बाद नगांतले किती नग खरोखर बाद होते, हे त्याने आता पुन्हा मोजायला घेतले आहे.

पण मग एच-६ ड्रॉइंगवर आले कोठून? गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंग विभागाने जुनी कागदपत्रे काढून पाहिली. पूर्वी हा लिव्हर फिरत नव्हता, पिनेवर नेमका बसवून आवळलेला असे, आणि पीनही 'एच-५', म्हणजे जास्तीत जास्त ९ मायक्रॉन बारीक होती. पुढे रचना बदलली, लिव्हर फिरता झाला, पीन एफ-७ झाली. भोकाचा टॉलरन्स मात्र खोडून नवा लिहायचे राहून गेले, आणि होनिंगचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहिला.

वीस नमुना नग गेले आणि चालवून पाहिले गेले. कारखान्याने एच-८ मान्य केले, पण एक अट घातली. रीमर वाकडा शिरला तर भोकाचे तोंड घंटेसारखे फाकते, म्हणून नोगो गेज दोन्ही तोंडांना लावून पाहायचे आणि गो गेज भोकाच्या पूर्ण लांबीतून आरपार जायला हवे. माझ्या विद्यार्थ्याला ही अट थोडी जाचक वाटली. मला ती योग्य वाटते. चाळीस मिलिमीटरच्या भोकाचे तोंड पाच-पाच मिलिमीटर फाकले असेल तर पीन मधल्या तीसच मिलिमीटरवर टेकते, आणि मग डुलणे पाचपट न राहता जवळजवळ सातपट होते. असे भोक मध्ये मोजले तर बरोबर भरेल, रोलर मात्र ०.३७ ऐवजी ०.४९ मिलिमीटर डुलेल.