जाड काप, पातळ काप

फुफ्फुसात चार मिलिमीटरची एक घट्ट गाठ आहे असं धरू. सीटी स्कॅनमध्ये घनता हाउन्सफील्डच्या मोजपट्टीवर मोजतात. तिच्यावर पाणी शून्यावर, ही गाठ साधारण ३० वर आणि भोवतालचं हवेनं भरलेलं फुफ्फुस उणे ८५० च्या आसपास. आता प्रतिमा ५ मिलिमीटर जाडीच्या कापांत तयार केल्या, तर प्रत्येक ठिपक्याला त्या जाडीत जे जे आलं त्याची सरासरी मिळते. गाठ अख्खी एकाच कापात बसली, तर मध्यभागी आकडा येतो उणे १४६. पण दोन कापांची सीमा नेमकी गाठीच्या मधून गेली, तर प्रत्येक कापात दोन मिलिमीटर गाठ आणि तीन मिलिमीटर फुफ्फुस येतं. सरासरी उणे ४९८. घट्ट गाठ पडद्यावर नुसती धुरकट दिसते. रेडिओलॉजिस्ट अशा डागाला ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात.

खरा घोळ पुढे होतो. सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरमध्ये १ मिलिमीटरच्या कापांत स्कॅन झाला, की तीच गाठ पांढरी आणि ठळक दिसते. जुनी प्रतिमा शेजारी लावली तर वाटतं, धुरकट डाग घट्ट झाला. आणि हे लक्षण कर्करोगाच्या दृष्टीनं चांगलं मानत नाहीत. प्रत्यक्षात फक्त कापाची जाडी बदललेली असते. म्हणून फुफ्फुसातल्या गाठींसाठी फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७ च्या सूचनांत काप दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असावेत असं सांगितलं आहे.

मग सगळेच काप पातळ का नाहीत? कारण प्रतिमा एक्स-रेच्या कणांच्या मोजणीतून बनते, आणि कण पावसाच्या थेंबांसारखे पडतात. अंगणात दोन वाट्या क्षणभर ठेवल्या तर एकीत तीन थेंब, दुसरीत सात. तासभर ठेवल्या तर दोन्हींत पाणी जवळपास सारखं. १ मिलिमीटरच्या कापाच्या वाट्याला ५ मिलिमीटरच्या मानानं पाचवा हिस्सा कण येतात, आणि प्रतिमेतला खडबडीतपणा, म्हणजे नॉइज, पाचाच्या वर्गमुळाइतका, सव्वादोन पटीनं वाढतो. जाड कापात तो १० असेल तर पातळ कापात सुमारे २२.

फुफ्फुसात याचं काही बिघडत नाही. तिथं गाठ आणि हवा यांच्यात ८८० चा फरक आहे, २२ ची खरखर त्यात कुठं लागणार! यकृतातली गाठ मात्र भोवतालच्या पेशींहून कधी वीस-तीसनंच वेगळी असते. जाड कापात ती डोळ्यात भरते, पातळ कापात खडबडीत हरवते. नॉइज पुन्हा १० वर आणायचा, तर पाचपट किरणोत्सर्ग द्यावा लागेल, तेही रुग्णाला. त्यापेक्षा एकाच स्कॅनच्या मूळ मोजमापांतून फुफ्फुसासाठी पातळ आणि यकृतासाठी जाड असे दोन संच करणं शहाणपणाचं. त्यासाठी जादा किरण लागत नाहीत. पातळ कापांवरून जाड काप नंतरही बनवता येतात, उलट मात्र होत नाही, आणि मशीनवरची मूळ मोजमापं जागेअभावी लवकरच पुसली जातात. सीडी घेताना पातळ कापांची मागितलेली बरी.

नॉइज कमी करायचा दुसरा मार्ग गणिताचा, म्हणजे इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन. यात संगणक आधी एक अंदाजी प्रतिमा बनवतो, तिच्यातून किरण गेले असते तर काय मोजलं गेलं असतं हे काढतो, खऱ्या मोजमापाशी ताडून चूक दुरुस्त करतो आणि पुन्हा तेच करतो. हाउन्सफील्डनी आपल्या पहिल्या मशीनसाठी याच जातीची पद्धत वापरली होती. पण ती वेळखाऊ, म्हणून मागे पडली. पुरेसे वेगवान संगणक आल्यावर २००९ च्या सुमारास ती मशीन बनवणाऱ्या कंपन्यांनी पुन्हा बाजारात आणली.

पण नॉइज आणि तपशील वेगळे कसे ओळखायचे? गणित असं गृहीत धरतं, की शेजारचे ठिपके सारखेच असावेत, ठळक कडा आढळली तरच नाही. त्यामुळे हाड आणि स्नायू यांच्यातली कडा टिकते, सपाट भाग गुळगुळीत होतो आणि आकडा २२ वरून ११ वर येतो. जुन्या हिशेबानं यासाठी चौपट कण लागले असते. इथंच गफलत होते. नवा कण तर एकही मोजलेला नाही. यकृतातल्या फिक्या गाठीची कडा खडबडीतून जेमतेम वर आलेली असते. ती गणितालाही खडबडच वाटते, आणि तीही गुळगुळीत होते. पद्धतीचा जोर फार वाढवला, की प्रतिमा मेणाच्या ठोकळ्यासारखी दिसू लागते, बारीक दाण्यांऐवजी मोठे ढब्बे येतात. असं चित्र दिसलं, की नॉइजच्या आकड्यावर विसंबू नये.

म्हणून या पद्धतीच्या भरवशावर डोस निम्मा करायचा, तर मूत्रखड्यासाठी खुशाल करावा; खडा भोवतालच्या पेशींहून कितीतरी शेकड्यांनी दाट असतो. फुफ्फुसातल्या घट्ट गाठीसाठीही हरकत नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाचं यकृत तपासताना मात्र मी एवढी काटकसर करणार नाही.