दशैंचा टिळा आणि कचेरीतल्या शुभेच्छा

नेपाळमध्ये दशैं हा वर्षातला सर्वांत मोठा सण. आपल्यासारखीच तिथेही घटस्थापना होते आणि जवाचे अंकुर वाढवले जातात. त्यांना जमरा म्हणतात. विजयादशमीला घरातली वडीलधारी माणसे तांदूळ, दही आणि अबीर कालवून केलेला टिळा, म्हणजे टीका, लहानांच्या कपाळी लावतात, जमरा डोक्यावर किंवा कानामागे ठेवतात, दक्षिणा देतात आणि आशीर्वाद पुटपुटतात. पुरुषांसाठीच्या संस्कृत आशीर्वादाची रचना मोठी मौजेची आहे. त्यात अश्वत्थाम्याचे आयुष्य, दशरथाची संपत्ती, रामासारखा शत्रुनाश, नहुषाचे ऐश्वर्य, वाऱ्याची गती, दुर्योधनाचा मान, कर्णाचे दान, बलरामाचे बळ, धर्मराजाचे सत्य, विदुराचे ज्ञान आणि नारायणाची कीर्ती मागितली जाते. अश्वत्थाम्याचे दीर्घायुष्य हा मुळात शाप आणि नहुषाचा शेवट सर्पयोनीत, पण इथे प्रत्येकाकडून एकच गुण उचललेला आहे. स्त्रियांसाठी देवीच्या नावांचा श्लोक म्हणतात. ज्यांना संस्कृत येत नाही, ते साध्या नेपाळीत ‘आयु बढोस्’ म्हणतात.

हे शब्द सहकाऱ्याला म्हणायचे का? माझ्या मते नाही. हा आशीर्वाद नात्याच्या उतरंडीतून खाली येतो आणि ती उतरंड पगाराची नसते. अनेक घरांत मामा वयाने मोठा असूनही भाच्याच्या पाया पडतो. मग कचेरीतल्या हुद्द्यावरून टिळ्याची दिशा कशी ठरवणार? कुणी म्हणेल, पूर्वी राजा प्रजेला टिळा लावत असे आणि आता राष्ट्रपतीही सर्वसामान्यांना लावतात. ते तरी कुठे नातेवाईक? खरे आहे, पण तिथे राज्यप्रमुख घरातल्या वडिलांच्या जागी असतो आणि लोक आपण होऊन त्याच्याकडे जातात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आपल्याला वडीलपण दिलेले नसते. त्याच्यासाठी बरोबरीचे वाक्य आहेच: ‘तपाईं तथा तपाईंको परिवारलाई बडा दशैंको हार्दिक शुभकामना’. जोडीला सुख, शांती, समृद्धी, उत्तम आरोग्य आणि दीर्घायुष्याची कामना जोडतात. संबोधन ‘तपाईं’चेच ठेवावे, ‘तिमी’ जवळच्यांसाठी.

एवढे औपचारिक वाक्य कोरडे वाटेल, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या कोरडेपणाचा उपयोगही आहे. घरात मृत्यू झाला असेल तर वर्षभर अनेक कुटुंबे टिळा घेत नाहीत. जनजातींपैकी काही समाज लाल अबीर न घालता पांढरा टिळा लावतात, तर काहींनी हा सण लादलेला मानून सोडला आहे. त्यामुळे समोरचा दशैं मानतो का, हे आधी कळले तर उत्तम. शुभेच्छा फूलपातीपूर्वी, म्हणजे सातव्या दिवसाआधी द्याव्यात; त्यानंतर कचेऱ्या ओस पडतात. राहून गेल्याच तर कोजागिरीपर्यंत वेळ आहे, कारण नातेवाइकांकडे टिळा घ्यायला जाणे पौर्णिमेपर्यंत चालूच असते.