आठ कोटींतले सात कोटी

उद्योजकतेच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या मित्रांच्या कंपनीचे मूल्यांकन ८ कोटी रुपये ठरल्याचे ज्या निःशंक अभिमानाने सांगितले, त्या निःशंकतेनेच मी अस्वस्थ झालो. आणि ते दोघे मित्र सीड गुंतवणुकीची टर्मशीट घेऊन पुण्यातील एका कंपनी सेक्रेटरी बाईंकडे निघाले, तेव्हा सर्वांच्या अनुमतीने मीही त्यांच्या दफ्तरात जाऊन बसलो.

मसुदा मोजक्या पानांचा होता. गुंतवणूकदार २ कोटी देणार, त्यापूर्वीचे कंपनीचे मूल्य ८ कोटी धरणार, म्हणजे नंतरचे १० कोटी, आणि त्याचा हिस्सा २० टक्के. तेव्हा उरलेले ८० टक्के आपलेच, असा दोघांचा समज होता. बाईंनी कॅप टेबल, म्हणजे कोणाच्या नावे किती शेअर आहेत याचा तक्ता, संगणकावर उघडला, प्रत्येकी ७,००० शेअर सभासदांच्या नोंदवहीशी ताडून पाहिले, आणि मग मसुद्यातील एका कलमावर बोट ठेवले. भावी कर्मचाऱ्यांसाठी शेअर राखून ठेवणारा ऑप्शन पूल गुंतवणुकीनंतरच्या भांडवलाच्या १० टक्के असावा, आणि तो ‘गुंतवणुकीपूर्वीच्या मूल्यात समाविष्ट’ असावा, असे त्यात म्हटले होते.

“हे आठ कोटी नाहीत, सात कोटी आहेत,” बाई म्हणाल्या.

त्यांनी तक्त्यात पूलची ओळ गुंतवणूकदाराच्या ओळीच्या वर घेतली, आणि एका ओळीच्या या स्थलांतराने काय घडते ते सावकाश दाखवले. गुंतवणूकदाराचे २० आणि पूलचे १० टक्के वजा जाता संस्थापकांच्या १४,००० शेअरांचे ७० टक्के होतात. म्हणून एकूण शेअर २०,०००, त्यांतील पूलचे २,००० आणि गुंतवणूकदाराचे ४,०००, प्रत्येकी ५,००० रुपये भावाने. त्याच भावाने संस्थापकांच्या शेअरांची किंमत ७ कोटी भरते; उरलेला १ कोटी अद्याप नेमणूकही न झालेल्या माणसांच्या नावे आहे. पूल गुंतवणुकीनंतर निर्माण केला असता तर हिस्सा सर्वांचाच घटला असता: संस्थापक ७२, गुंतवणूकदार १८, पूल १०. अर्थात त्या कलमाने २ टक्के एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेले, आणि मथळ्यावरील ८ कोटींना धक्काही लागला नाही. गुंतवणूकदाराने हे लपवले होते असे नाही, ही प्रथाच आहे. परंतु ज्या प्रथेचा भार केवळ एका पक्षावर पडतो, तिच्यावर घासाघीस करणे मला पूर्णतः न्याय्य वाटते.

दुसरे कलम लिक्विडेशन प्रेफरन्सचे होते. आपल्याकडे असा गुंतवणूकदार बहुधा सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर घेतो, आणि कंपनी विकली गेल्यास आपली मूळ रक्कम प्रथम उचलण्याचा हक्क राखतो. बाईंनी विक्रीची किंमत ६ कोटी धरली. २० टक्क्यांप्रमाणे त्याला १ कोटी २० लाख मिळावेत, पण हक्कानुसार तो २ कोटी घेईल. आणि हक्क ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर २ कोटी घेऊन उरलेल्या चारांतही २० टक्के मागेल, म्हणजे एकूण २ कोटी ८० लाख. मसुद्यातील हक्क सुदैवाने साधा होता, आणि १० कोटींहून अधिक किमतीला विक्री झाली तर तो आपोआप निरर्थक ठरतो, म्हणून बाईंनी ते कलम तसेच ठेवले.

मग बाई पुन्हा पूलच्या कलमाकडे वळल्या. टर्मशीटमधील गोपनीयता आणि ठरावीक मुदतीत अन्य गुंतवणूकदाराशी बोलणी न करण्याची अट सोडली, तर बहुतेक कलमे कायद्याने बंधनकारक नसतात. तरीही सही झाल्यावर माघार घेतली की विश्वास ढळतो, म्हणून जे मागायचे ते सहीपूर्वीच मागावे, असा त्यांचा आग्रह होता.

“दीड वर्षात कोणाला नेमणार, ते सांगा,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, तेवढं बारकाईनं ठरवलं नाही अजून,” एकजण उत्तरला.

मग तो तपशील तिथेच लिहिला गेला: एक मुख्य अभियंता, दोन कनिष्ठ, एक विक्रीप्रमुख, आणि प्रत्येकास देऊ करायचे शेअर. बेरीज ५ टक्क्यांच्या आत बसली. १० टक्के ही केवळ रूढी होती. ही यादी मात्र तिला प्रत्युत्तर देऊ शकत होती. पूल ५ टक्के झाला तर संस्थापकांचे ७५ टक्के राहतात, आणि सात कोटींचे साडेसात होतात.

गुंतवणूकदाराने यादी पाहून ५ टक्के मान्य केले, पण पुढील फेरीपूर्वी पूल पुन्हा भरावा लागेल असे कळवले. ते खरेच आहे, असे बाई म्हणाल्या, आणि तक्त्यात त्या फेरीचा रकाना वाढवून त्यांनी नवा गुंतवणूकदार २० टक्के घेईल असे धरले: पूल जराही न वाढवता प्रत्येक संस्थापकाचे साडेसदतीस टक्के तीसवर आले. पूल वाढल्यास किती उरतील, तो हिशेब त्यांनी दोघांना स्वतः करायला सांगितला.