चौकोनी नळी आणि एक चीर

शंभर बाय शंभर मिलिमीटरची, चार मिलिमीटर जाडीची चौकोनी पोलादी नळी कोणत्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पडलेली असते. मीटरभर नळीचं वजन सुमारे १२ किलो. ग्राइंडरला दीड मिलिमीटरची कटिंग डिस्क लावून तिच्या एका बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चीर पाडली, तर सुमारे ५० ग्रॅम लोखंड भुशाच्या रूपात खाली पडतं. नळी दिसायला तशीच राहते. दोन टेकूंवर आडवी ठेवून मधोमध वजन टांगलं तर वाकण्याच्या बाबतीतही ती फारशी कमी पडत नाही. पण तिला पीळ दिला की ती आधीपेक्षा ४३२ पट जास्त पिळवटते. पातळ पत्र्याच्या बंद पेटीची सगळी ताकद कशात आहे, हे या एका आकड्यावरून कळतं.

हा ४३२ कुठून आला ते आकड्यांनीच पाहू. नळीचं एक टोक फिरणार नाही असं धरायचं, दुसरं टोक बेअरिंगमध्ये ठेवायचं आणि त्याला एक मीटर लांबीचा आडवा हात जोडून हाताच्या टोकाला दहा किलो वजन टांगायचं. म्हणजे पिळाचा जोर साधारण १०० न्यूटन-मीटर झाला. नळी अखंड असेल तर मीटरभर लांबीत ती एका अंशाचा पन्नासावा भाग फिरते आणि हाताचं टोक जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर खाली येतं. ते नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही, डायल गेज लावावा लागेल. तेच वजन चीर पाडलेल्या नळीला टांगलं तर ती पावणेनऊ अंश फिरते आणि हाताचं टोक १५ सेंटिमीटर खाली झुकतं. भिंतीतलं कर्तन प्रतिबल, म्हणजे शिअर स्ट्रेस, बंद नळीत १.४ मेगापास्कल आहे, तर चिरलेल्या नळीत ४९. साधं पोलाद शुद्ध कर्तनात १४५ मेगापास्कलच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. त्यामुळे हाताला तीस किलो टांगले की चिरलेली नळी पुन्हा सरळ होणार नाही. अखंड नळीत तेवढ्या वजनाला प्रतिबल चारच्या आसपासच राहतं.

कारण भिंतीच्या आत आहे. बंद नळीत कर्तनाचा प्रवाह चारही भिंतींतून एकाच दिशेने गोल फिरतो आणि भिंतीच्या जाडीभर तो जवळजवळ सारखा असतो. नळीच्या मध्यापासून भिंत ४८ मिलिमीटरवर आहे, म्हणून प्रत्येक न्यूटन बल ४८ मिलिमीटरच्या हातावर काम करतं. चीर पाडली की हा फेरा तुटतो. मग प्रवाह भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून एका दिशेने जातो आणि आतल्या पृष्ठभागावरून उलटा परततो. भिंतीच्या मधल्या रेषेवर तो शून्य असतो. आता दोन विरुद्ध बलांमधलं अंतर चार मिलिमीटरच्या भिंतीतच सामावलेलं असतं. इतक्या तोकड्या हातावर तोच पीळ पेलायचा, तर बल कितीतरी पटीने वाढणारच.

बंद नळीचं सूत्र इतकं छोटं आहे की कागदाच्या कोपऱ्यावर मावतं:

τ = T / (2·A·t)

T म्हणजे पीळ, t भिंतीची जाडी आणि A म्हणजे भिंतीच्या मध्यरेषेने वेढलेलं क्षेत्रफळ. इथे A म्हणजे लोखंडाचा छेद नव्हे, आतली पोकळी धरून सगळं आवार. आमच्या नळीत ते ९६ गुणिले ९६, म्हणजे ९,२१६ चौरस मिलिमीटर. पीळ पेलायला लोखंडापेक्षा त्याने वेढलेली रिकामी जागा जास्त कामाला येते, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर सत्य वाटतं.

हे सूत्र विद्यापीठातून आलं नाही, एका क्रेनवाल्याकडून आलं. रुडॉल्फ ब्रेट हा जर्मन यंत्र अभियंता रुर नदीकाठच्या वेटर गावी श्टुकेनहोल्त्स यांच्या क्रेन बांधणाऱ्या कारखान्यात होता. (हाच कारखाना पुढे १९१० साली इतरांसोबत डेमाग या कंपनीत विलीन झाला.) १८९६ साली जर्मन अभियंता संघाच्या नियतकालिकात त्याने हे सूत्र मांडलं. त्याआधी अनेक वर्षं नाव्हिएच्या पद्धतीने हिशेब होत असे. पिळताना छेद सपाटच राहतो असं त्या पद्धतीत गृहीत धरलेलं होतं. गोल दांड्याला ते बरोबर लागू पडतं, पण आमच्या नळीला लावलं तर चिरलेली आणि न चिरलेली अशा दोन्ही नळ्यांना एकच उत्तर मिळतं, कारण ५० ग्रॅम लोखंड गेल्याने छेदाचा ध्रुवीय जडत्वाघूर्ण काही बदलत नाही. सँ-व्हनाँ यांनी १८५५ साली दाखवून दिलं की गोल नसलेला छेद पिळताना सपाट राहत नाही, त्याचे भाग लांबीच्या दिशेने पुढेमागे सरकतात. चिरेचं रहस्य नेमकं या सरकण्यातच आहे.

चिरलेल्या नळीला ते दहा किलो टांगलेले असताना चिरेच्या दोन ओठांवर आडवी खडूची रेघ मारलेली असेल, तर ती तुटलेली दिसते. एक ओठ दुसऱ्यापेक्षा लांबीच्या दिशेने २.८ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. ओठ एकमेकांपासून दूर जात नाहीत, शेजारून सरकतात. म्हणून चीर पुन्हा वेल्ड केली तर त्या वेल्डिंगला दुसरं काही करायचं नसतं, फक्त हे सरकणं थांबवायचं असतं. त्यासाठी लागणारं बल किती? पीळ भागिले दुप्पट आवार, म्हणजे दर मिलिमीटर लांबीला ५.४ न्यूटन, अर्ध्या किलोहूनही थोडं जास्त. तीन मिलिमीटरचा साधा वेल्डही ते सहज पेलतो. एवढ्याशा बलाने नळीचा ताठपणा ४३२ पट होतो. मात्र वेल्ड सलग हवा. चार इंच वेल्ड, चार इंच मोकळं असे टाके घातले तर मोकळ्या भागात ओठ थोडेफार सरकत राहतात आणि प्रत्येक टाक्याच्या टोकाशी जोर एकवटतो. पीळ उलटसुलट होत असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

इथे एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरचे आकडे चिरेचे ओठ टोकापाशीही सरकायला मोकळे आहेत असं धरून काढलेले आहेत. चिरलेल्या नळीची टोकं जाड प्लेटला वेल्ड केली तर तिथे सरकणं अडतं आणि नळी बरीच ताठ वागते. फक्त मीटरभर लांबीच्या नळीत हा फरक मोठा असतो. लांब गर्डरमध्ये मात्र टोकाची ही मदत मधल्या भागापर्यंत पोचत नाही.

भिंत पातळ केली तर बंद आणि चिरलेल्या नळीतली दरी आणखी रुंदावते. चौकोनी नळीत प्रतिबलाचं गुणोत्तर रुंदी भागिले जाडी या प्रमाणात वाढतं, आणि पिळाच्या कोनाचं गुणोत्तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. हीच नळी दोन मिलिमीटरच्या पत्र्याची असती तर चिरेमुळे प्रतिबल ७३ पट आणि कोन सुमारे १,८०० पट वाढला असता.

आता ब्रेटच्या घरची, म्हणजे क्रेनची गोष्ट. कारखान्याच्या छताखाली धावणाऱ्या क्रेनचा गर्डर पत्र्यांची पेटी असतो. ट्रॉलीचा रूळ बऱ्याचदा पेटीच्या मधोमध न ठेवता आतल्या बाजूच्या उभ्या पत्र्याच्या नेमका वर ठेवतात, म्हणजे चाकाचं वजन सरळ खाली उतरतं आणि वरचा पत्रा वाकत नाही. त्या बदल्यात पेटीला पीळ बसतो. समजा पेटी १,२०० मिलिमीटर उंच आणि ६०० रुंद आहे, उभे पत्रे सहा मिलिमीटरचे आणि आडवे दहा मिलिमीटरचे. गर्डरच्या मध्याजवळ ट्रॉलीची दोन चाकं प्रत्येकी साधारण दहा टन देतात. रूळ मध्यापासून ३०० मिलिमीटर बाजूला असल्याने गर्डरच्या प्रत्येक अर्ध्या भागाला ३० किलोन्यूटन-मीटर पीळ मिळतो. सूत्र सांगतं की उभ्या पत्र्यात ३.५ मेगापास्कल आणि जाड आडव्या पत्र्यात २.१. हे दुर्लक्ष करण्याजोगे आकडे आहेत, आणि म्हणूनच रूळ बाजूला ठेवायची सोय परवडते.

ही पेटी एका कोपऱ्यावर लांबीभर सुटली तर हिशेब उलटा होतो. उघड्या छेदात सर्वांत जास्त प्रतिबल सर्वांत जाड पत्र्यात येतं. दहा मिलिमीटरच्या आडव्या पत्र्यात ५२० मेगापास्कलच्या वर, म्हणजे पोलादाच्या कुवतीबाहेर. बंद छेदात पातळ भिंत आधी पाहायची, उघड्यात जाड भिंत. बंद पेटीच्या सवयीने उघड्या छेदाचा पत्रा नेमक्या जागी जाड करणारा माणूस पिळाचा कोन कमी करतो खरा, पण सर्वांत ताणलेली जागा कुठे आहे याबद्दल त्याची फसगत होऊ शकते.

पेटीही सर्वशक्तिमान नाही. ब्रेटचं सूत्र छेदाचा आकार कायम राहतो असं गृहीत धरतं. प्रत्यक्षात पोकळ चौकट तिरकी होऊन समांतरभुज होऊ पाहते, म्हणून आत ठरावीक अंतरावर आडवे पडदे, म्हणजे डायफ्राम, बसवतात. ते नसतील तर कोपऱ्यांचे वेल्ड वाकण्याने थकतात. दुसरं म्हणजे पातळ पत्रा कर्तनात साधारण ४५ अंशांच्या तिरक्या लाटांनी फुगतो. पत्रा किती पातळ ठेवता येईल हे बहुतेक वेळा शिअर स्ट्रेस ठरवत नाही, हे फुगणं ठरवतं. उभ्या पत्र्यावर तिरकी लाट दिसली किंवा कोपऱ्याच्या वेल्डवरचा रंग लांबीच्या दिशेने केसाएवढा फाटलेला दिसला, तर ती रंगाची खराबी समजू नये.

उघडा छेद म्हणजे कमअस्सल असंही नाही. ट्रकच्या चॅसिसचे लांब पट्टे सी-चॅनलचे असतात ते याच गुणासाठी. खड्ड्यात एक चाक खाली गेलं की चॅसिस पिळते आणि बाकीची चाकं जमीन सोडत नाहीत. बंद नळीची चॅसिस केली तर हे काम सगळं स्प्रिंगांवर येईल. म्हणून अशा लवचीक चॅसिसवर टँकरसारखी ताठ, बंद बॉडी बसवताना पुढच्या बाजूला स्प्रिंगदार माउंटिंग देतात. बॉडी सगळीकडे कडक बोल्टने आवळली की चॅसिसला पिळायला वाव राहत नाही, सगळा पीळ पुढच्या माउंटिंगपाशी गोळा होतो आणि तिथेच चॅसिसला तडा जातो.

तेव्हा साइटवर बॉक्स सेक्शनमधून केबल न्यायची असेल तर ड्रिलने गोल भोक पाडा आणि कडेला रिंग वेल्ड करा. लांबीच्या दिशेने ग्राइंडर कधीही चालवू नका. आणि कुणी आधीच चालवला असेल, तर भार येण्यापूर्वी ती चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वेल्डने बंद करून घ्या.