सोळा जिंकले, चोवीस हरले

शेअरने गेल्या २० दिवसांतला उच्चांक ओलांडला की विकत घ्यायचा. मग भाव १० दिवसांतल्या नीचांकाखाली गेला की विकून मोकळं व्हायचं. मधे मन चालवायचं नाही. शिकागोचे सौदेबाज रिचर्ड डेनिस आणि त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांनी १९८३ च्या अखेरीस काही नवख्या माणसांना वायदेबाजारात सौदे करायला शिकवलं, त्यातला हा एक नियम. ती माणसं पुढे ‘टर्टल्स’ म्हणून ओळखली गेली. आज आपल्याकडे शेअरबाजारात नियमांवर चालणारी जी पद्धत, म्हणजे ‘सिस्टिम’, लोक वापरतात, त्यातल्या अनेक या नियमाच्याच चुलत भावंडं आहेत.

अशी सिस्टिम हाती आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: विन रेट किती? शंभरात किती सौदे फायद्यात सुटतात? उत्तर ‘चाळीस’ आलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. जिंकताना सरासरी किती मिळतात आणि हरताना सरासरी किती जातात, हे कळल्याशिवाय त्या चाळिसाला अर्थ येत नाही. तिन्ही आकडे एकत्र आणले की दर सौद्यामागे सरासरी काय हाती लागेल ते निघतं. त्यालाच ट्रेडर मंडळी ‘एक्सपेक्टन्सी’ म्हणतात.

समजा, एकाने हाच नियम पाळून वर्षभरात ४० सौदे केले. दर सौद्यात जोखीम २,००० रुपयांची ठरवली. ५२० रुपयांना शेअर घेतला आणि स्टॉपलॉस ५०० वर असला, तर शेअरमागे २० रुपये पणाला लागले. म्हणून १०० शेअर घ्यायचे आणि ५२,००० रुपये गुंतवायचे. चाळिसांपैकी १६ सौदे फायद्यात गेले, २४ तोट्यात. फायद्याची सरासरी ४,६०० रुपये, तोट्याची १,९०० रुपये. म्हणजे फायदा तोट्याच्या २.४ पट.

तोट्याची सरासरी नेमकी २,००० का नाही? काही सौद्यांत भाव थोडा वर जाऊन परत फिरला आणि १० दिवसांचा नीचांक स्टॉपलॉसच्या वर असतानाच विक्री झाली. तिथे हजार-बाराशेंवर निभावलं. उलट काही शेअर सकाळी गॅप डाउन उघडले. ५०० चा स्टॉपलॉस लावलेला, पण बाजार ४८६ ला उघडला, तर मिळेल त्या भावाला विकणं आलं. तिथे ३,४०० गेले. म्हणून हिशेबात ठरवलेली जोखीम धरायची नाही, प्रत्यक्ष गेलेली रक्कम धरायची.

आता गणित. १६ ला ४० ने भागलं की विन रेट ०.४०. त्याला ४,६०० ने गुणलं की १,८४०. हरण्याचं प्रमाण ०.६०, त्याला १,९०० ने गुणलं की १,१४०. वजाबाकी ७०० रुपये. दर सौद्यामागे सरासरी ७०० रुपये, चाळिसांचे २८,०००. साठ टक्के वेळा हरूनही माणूस फायद्यात आहे.

एक्सेलमध्ये प्रत्येक सौद्याचा नफा-तोटा एका रकान्यात लिहिलेला असेल, तर चार ओळींत काम होतं:

```
=COUNTIF(F2:F41,">0")/COUNT(F2:F41)
=AVERAGEIF(F2:F41,">0")
=AVERAGEIF(F2:F41,"<0")
=AVERAGE(F2:F41)
```

चौथी ओळ एकटीच एक्सपेक्टन्सी देते. सगळ्या सौद्यांची सरासरी हीच तर ती. मग आधीच्या तीन ओळी कशाला? कारण चौथी फक्त ‘किती’ सांगते, आणि ते ‘किती’ कशावर उभं आहे हे तिन्ही ओळींतून कळतं. एक बारकावा इथेच सांगतो. घेतलेल्या भावालाच विकलेला, नफा-तोटा शून्य असलेला सौदा यात ना जिंकलेल्यांत येतो ना हरलेल्यांत. असे सौदे असतील तर हरण्याचं प्रमाण ‘एक वजा विन रेट’ असं काढू नये. ते वेगळं मोजावं, नाहीतर तोटा फुगतो.

हे ७०० रुपये अजून कागदावरचे आहेत. डिलिव्हरीच्या सौद्यावर एसटीटी खरेदीलाही ०.१ टक्का, विक्रीलाही ०.१ टक्का. पन्नास हजारांच्या सौद्यात ते साधारण १०० रुपये होतात. वर मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचे आकार, ब्रोकरेज, डीमॅटचा आकार. आणि कुठल्याच पावतीवर न दिसणारं स्लिपेज: स्क्रीनवर ५२० दिसलं, हाती ५२०.५० ला आला. हे सगळं मिळून सौद्याला २५० रुपये धरू. एक्सपेक्टन्सी ७०० वरून ४५० वर आली, वर्षाचे २८,००० होते त्यांचे १८,००० उरले. खर्च जिंकताना कमी आणि हरताना माफ असा नसतो. सरासरी फायदा ४,३५० होतो, सरासरी तोटा २,१५०.

आता उलटा प्रश्न विचारू. ना नफा ना तोटा व्हायला विन रेट किती लागेल? निव्वळ तोट्याला फायदा आणि तोट्याच्या बेरजेने भागायचं: २,१५० भागिले ६,५००, म्हणजे ३३ टक्के. आपला विन रेट ४०. मधलं अंतर सात टक्के. एवढी उसंत पुरेशी वाटते, पण चाळीस सौद्यांत सात टक्के म्हणजे जेमतेम तीन सौदे. सोळांऐवजी तेराच जिंकले असते, तर याच सरासऱ्यांवर वर्षअखेर १,५०० रुपयांचा तोटा दिसला असता.

तीन सौद्यांचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का? संख्याशास्त्राची एक जुनी रीत आहे. विन रेटला हरण्याच्या प्रमाणाने गुणायचं, सौद्यांच्या संख्येने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ०.४० गुणिले ०.६०, भागिले ४०, वर्गमूळ ०.०७७. म्हणजे ४० टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे सुमारे आठ टक्क्यांची हालचाल अगदी स्वाभाविक आहे, त्यात नवल काही नाही. खरा विन रेट ३२ असू शकतो, ४८ ही असू शकतो. आणि ३२ असेल तर सिस्टिम तोट्याची आहे. चाळीस सौद्यांवरून ‘सिस्टिम चालते’ म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. एवढंच म्हणता येतं की ती चालत नाही असं अजून तरी दिसलेलं नाही.

विन रेटबद्दल हे झालं. माझ्या मते त्याहून मोठा घोळ सरासरी फायद्यात दडलेला असतो. ते १६ फायदे एकेक करून पाहू. ५२० ला घेतलेला तो शेअर चढतच गेला, १० दिवसांचा नीचांक त्याच्यामागून सरकत वर आला आणि शेवटी ७३० ला विक्री झाली असं धरा. १०० शेअरवर २१,००० रुपये. बाकीच्या १५ फायद्यांची सरासरी मग ३,५०० च्या आसपास येते. हा एक सौदा यादीतून काढून पुन्हा गणित केलं, तर खर्च वजा जाता उरलेल्या ३९ सौद्यांची बेरीज उणे २,७५० होते. वर्षाची अख्खी कमाई एका सौद्याची आहे.

यात सिस्टिमचा दोष नाही. मोठी चाल पकडण्यासाठी बनवलेल्या नियमांचा स्वभावच असा असतो: पुष्कळ छोटे तोटे, काही मध्यम फायदे आणि एखाद-दुसरा डोंगराएवढा. पण सरासरी वाचणाऱ्याला वाटतं की प्रत्येक विजय ४,६०० चा असेल. तसं नसतं. म्हणून फायद्याच्या सरासरीशेजारी मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, जरूर लिहावा. आणि सर्वांत मोठा सौदा वगळून एक्सपेक्टन्सी किती उरते, तेही लिहावं.

हे माहीत नसलेला माणूस सिस्टिम ‘सुधारायला’ जातो. विन रेट कमी वाटतो म्हणून टार्गेट लावतो: २,००० चा फायदा दिसला की बुक करायचा. विन रेट लगेच वाढतो. समजा ५५ टक्के झाला, चाळिसांत बावीस विजय. मन सुखावतं. आता हिशेब: ०.५५ गुणिले २,००० म्हणजे १,१००. त्यातून ०.४५ गुणिले १,९००, म्हणजे ८५५ वजा. उरले २४५. खर्च २५०. दर सौद्यामागे पाच रुपयांचा तोटा. विन रेट पंधरा टक्क्यांनी वर गेला आणि चांगली चालणारी सिस्टिम संपली, कारण २१,००० चा सौदा २,००० वरच सुटला. फायदा घाईने खिशात घालायचा आणि तोटा कवटाळून बसायचं, या माणसाच्या ओढीवर हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये शोधनिबंध लिहिला. नियम बांधून ठेवायचे ते याच ओढीला आवर घालण्यासाठी.

दुसरी पडझड हरण्याच्या रांगेत होते. साठ टक्के हरणाऱ्या सिस्टिममध्ये पुढचे सहाच्या सहा सौदे तोट्यात जाण्याची शक्यता ०.६ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ४.७ टक्के. ऐकायला कमी वाटते. पण ही रांग कुठल्याही सौद्यापासून सुरू होऊ शकते, त्यामुळे शंभर सौद्यांत ती एकदा तरी दिसणार असंच धरून चालावं. सहा वेळा स्टॉपलॉस हिट झाल्यावर सातवा सिग्नल येतो आणि माणूस म्हणतो, हा सोडू या. तो सातवा कुठला आहे हे आधी कळत नाही. ५२० चा शेअर तोच निघाला, तर वहीतली एक्सपेक्टन्सी त्याच्या खात्यात कधीच उतरत नाही.

मग खात्री वाढवायची कशी? सौदे वाढवून. योगायोगाची ती हालचाल आठ टक्क्यांवरून चारवर आणायला चौपट, म्हणजे १६० सौदे लागतात. वर्षाला चाळीस या गतीने चार वर्षं. एवढं कोण थांबतो? म्हणून जुन्या भावांवर बॅकटेस्ट करतात, आणि तिथे दोन गोष्टी आकडा फुगवतात. एक, काळ. निफ्टी मार्च २०२० मध्ये ७,६०० च्या आसपास बंद झाला होता आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये १५,००० च्या वर होता. त्या अकरा महिन्यांत उच्चांकाला खरेदी करणारा जवळपास कुठलाही नियम हुशार दिसतो. शिवाय एकाच तेजीत एकदम घेतलेले आठ शेअर हे आठ स्वतंत्र पुरावे नसतात. ते एकत्र चढतात, एकत्र पडतात.

दुसरी गोष्ट शेअरच्या यादीची. आजचे निफ्टी ५० मधले शेअर घेऊन दहा वर्षं मागे जाऊन चाचणी केली, तर टिकलेल्या आणि मोठ्या झालेल्या कंपन्याच आपण निवडून घेतलेल्या असतात. यस बँक मार्च २०२० मध्ये त्या निर्देशांकातून बाहेर पडली. आजच्या यादीवर चाचणी केली तर तिच्यातले सौदे हिशेबात येतच नाहीत. त्या त्या वर्षी जी यादी होती, तीच घेऊन चाचणी करावी लागते.