सुरुवात कशाने करावी : गोष्ट, प्रश्न की आकडा?

आपला माल चांगला असतो, भावही रास्त असतो. पण चार माणसांसमोर बोलायला उभे राहिले की आपण दुकानाचे नाव, स्थापनेचे साल आणि मालाची यादी यांत पहिली दोन मिनिटे घालवतो. तेवढ्यात ऐकणारा घड्याळाकडे पाहू लागतो. सुरुवात गोष्टीने, प्रश्नाने किंवा आकड्याने करता येते. कोणती कधी, ते आम्ही इन्सुलीच्या काजूवरून सांगतो.

समजा, इन्सुलीतील एक काजू कारखानदार जवळच असलेल्या गोव्यात हॉटेलवाल्यांच्या बैठकीत बोलणार आहे. त्यांची तक्रार एकच : भाव जास्त. येथे आकडा चालतो. “एक किलो काजूगरासाठी आम्हाला सुमारे चार किलो बी फोडावी लागते.” बाकीचे वजन मुख्यतः टरफलात जाते, हे हॉटेलवाल्याला सहसा ठाऊक नसते, म्हणून तो चमकतो आणि भावाचे कारणही त्याला कळते. हाच आकडा बांद्याच्या काजू व्यापाऱ्याला सांगितला तर तो हसेल, कारण त्याला तो पाठ आहे. शिवाय बीच्या जातीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे उतारा बदलतो. कोणी हटकले तर दाखवायला आपल्या वहीतील उतारा सोबत असावा. आकडा एकच सांगावा. तीन सांगितले तर एकही लक्षात राहत नाही.

समोर एकाच हॉटेलचा खरेदी अधिकारी आणि आचारी असतील तर प्रश्न बरा. “आपल्याकडे अख्खा काजू किती लागतो आणि वाटणाला किती?” वाटणात अख्खा काजू घालण्याची गरज नसते, तेथे स्वस्त तुकडा चालतो. त्यांच्याच उत्तरातून आपली ऑर्डर ठरते. पण “आपल्याला स्वस्त माल नको का?” असा प्रश्न विचारू नये. त्यात उत्तर आधीच ठरलेले असते आणि माणूस सावध होतो. शंभर जणांच्या सभेतही प्रश्न टाळावा. कोणी बोलत नाही आणि शांतता अवघड होते.

बँकेत खेळत्या भांडवलासाठी गेलात तर अधिकारी दिवसभर आकडेच ऐकत असतो. तेथे एका पोत्याची गोष्ट सांगा : एप्रिलमध्ये रोख देऊन बी घेतली, उन्हात वाळवली, पावसाळ्यात थोडी थोडी फोडली, गर दिवाळीच्या सुमारास विकला, पैसे त्यानंतर आले. एवढे महिने पैसा का अडकतो, ते या गोष्टीतून दिसते. मग कागद पुढे करावेत. गोष्ट खरी असावी, दीड मिनिटात संपावी आणि तिचा शेवट आपल्या मागणीपाशीच यावा. आजोबांपासून सुरू झालेली गोष्ट तेथपर्यंत पोहोचत नाही.

थोडक्यात, भावाबद्दल गैरसमज असेल तर आकडा, गरज माहीत नसेल तर प्रश्न आणि धंद्याची रीत समजावायची असेल तर गोष्ट. बोलायला जाण्यापूर्वी सुरुवातीचे वाक्य घरच्या माणसाला ऐकवावे. “मग पुढे?” असे त्याने विचारले, तर ते वाक्य कामाचे.