पाचशे युरो निघाले, पोचले किती?

चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन जाणारा शेतकरी आधी भाव विचारतो, हमाली किती कापणार ते पाहतो आणि मगच पट्टी हातात घेतो. त्याच शेतकऱ्याची मुलगी जर्मनीत शिकता शिकता घरी पैसे पाठवते, तेव्हा मात्र मोबाइलवर 'जमा' एवढं वाचून घरचे सगळे समाधान मानतात. युरोला भाव काय लागला, वाटेत कोणी किती कापलं, हे घरी कोणी विचारत नाही. कारण त्याची पट्टी कधी समोर येतच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ सालच्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या घरगुती पैशांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात येतात. कुठल्याही राज्यापेक्षा हा वाटा मोठा आहे. विद्यार्थ्याची रक्कम मात्र लहान असते. जर्मनीत त्याला वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येतं आणि व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो खर्चाला लागतात, असं २०२४ पासून धरलं जातं. त्यातून वाचणारे शंभर-पाचशे युरो शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला किंवा धाकट्याच्या फीला लागतात. आणि लहान रकमेलाच कापाकापी जास्त लागते.

ही कापाकापी तीन ठिकाणी होते. पहिली, पाठवणाऱ्या बँकेची किंवा ॲपची फी, ती दिसते. दुसरी, मधल्या बँकेची. जर्मनीतल्या बँकेचा मेहकरच्या शाखेशी थेट व्यवहार नसतो, म्हणून स्विफ्टवरून गेलेला पैसा एखाद-दोन बँकांच्या हातून जातो आणि त्या आपलं शुल्क मूळ रकमेतूनच काढून घेतात. तिसरी कपात दरात असते. बाजारात खरेदी आणि विक्रीच्या मधोमध जो दर चालू असतो, त्यापेक्षा थोडा कमी दर ग्राहकाला दिला जातो. या फरकाला कोणी फी म्हणत नाही, म्हणून तो पावतीवर येत नाही. 'शून्य फी' अशी जाहिरात करणाऱ्याची कमाई बहुधा इथेच असते.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत. सोपं पडावं म्हणून बाजारातला मधला दर १०० रुपये धरू. मेहकर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीकडे ५०० युरो आहेत. एका पैशाचीही कपात झाली नाही, तर घरी ५०,००० रुपये पोचायला हवेत.

पहिला मार्ग बँकेचा. तिच्या बँकेनं १२ युरो घेतले, मधल्या बँकेनं १५ कापले, ४७३ युरो भारतात आले. इथल्या बँकेनं आपल्या टीटी खरेदी दरानं, म्हणजे ९८.५० नं, त्यांचे रुपये केले: ४६,५९०. चलन बदलण्यावर जीएसटीही लागतो. एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का, पण किमान २५० रुपये, ही करपात्र किंमत धरून त्यावर १८ टक्के. इथे तो ८४ रुपये होतो. खात्यात पडले सुमारे ४६,५००. म्हणजे साडेतीन हजार वाटेत गेले, सात टक्के.

दुसरा मार्ग 'शून्य फी'च्या ॲपचा, दर ९७.८०. पोचले ४८,९००. तिसरं ॲप ४ युरो फी उघड घेतं, पण दर ९९.९० देतं. ४९६ युरोचे झाले ४९,५५०. फी घेणाऱ्यानंच साडेसहाशे रुपये जास्त पोचवले.

पण एवढ्यावरून तिसऱ्याला कायमचं डोक्यावर घेऊ नये. याच मुलीनं फक्त १०० युरो पाठवले, तर शून्य फीवाला ९,७८० रुपये देतो आणि फीवाला ९,५९०. दोघांचं पारडं साधारण १९० युरोवर सारखं होतं. त्याखाली ठरावीक फी जड जाते, त्यावर दरातला फरक. म्हणून घाई नसेल तर दर महिन्याला शंभर पाठवण्यापेक्षा तीन महिन्यांचे एकदम तीनशे पाठवणं परवडतं. स्वतःचा आकडा काढायला फार गणित लागत नाही: दोन्ही ठिकाणी तेवढीच रक्कम, त्याच मिनिटाला टाकायची आणि 'घरी इतके रुपये मिळतील' हा एकच आकडा ताडून पाहायचा. मात्र पहिल्या वेळेचा आकडा फसवा असू शकतो. नव्या ग्राहकाला खास दर देऊन दुसऱ्या वेळेपासून नेहमीचा दर लावण्याची पद्धत बऱ्याच ॲपांत आहे, म्हणून तुलना दुसऱ्या वेळेला पुन्हा करावी लागते.

मधला दर खरा किती, हे पाहता येतं: एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी युरो, डॉलर, पौंड आणि येन यांचे संदर्भदर जाहीर करते. इथल्या शाखेकडे पैसे आल्याचं पत्र, म्हणजे इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस, मागितलं की त्यात किती युरो आले आणि कोणता दर लागला हे कळतं. निघालेल्या युरोंपेक्षा आलेले कमी असतील, तर कात्री मधल्या बँकेत लागली; युरो पूर्ण आले आणि रुपये कमी, तर दरात. पाठवताना स्क्रीनवर `SHA` आणि `OUR` असे पर्याय दिसतात. `OUR` निवडलं की वाटेतली शुल्कं पाठवणाऱ्याच्या माथी येतात, पण इथल्या बँकेचा दर त्यानं सुधारत नाही.

स्वस्त मार्ग सापडला तरी शेवटच्या टप्प्यावर पैसा अडकतो. गावाकडे पतसंस्थेत खातं असणं नेहमीचं, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. परदेशी पैशासाठी बँकेतलंच खातं द्यावं. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली, त्यामुळे जुन्या पासबुकावरचा आयएफएससी शाखेत विचारून घेतलेला बरा. पासबुकावर आडनाव आधी आणि ॲपमध्ये शेवटी, एवढ्यानंही पैसे तपासणीत थांबू शकतात.

खातं कोणाचं, हाही प्रश्न आहे. परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या परिपत्रकानुसार अनिवासी धरला जातो. त्यामुळे त्याचं जुनं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. त्याच खात्यात पैसे टाकायचे आणि वडिलांनी त्याच्या कार्डानं काढायचे, ही सोय नियमात बसत नाही. थेट आईवडिलांच्या खात्यात पाठवणं सरळ. अपत्याकडून आलेली भेट त्यांच्या हातात करपात्र नसते.

आणि एक दर असा मिळतो, जो वरच्या सगळ्यांना मागे टाकतो. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणी म्हणतं, 'तू मला इथे युरो दे, माझे काका तुझ्या बाबांना तिकडे रुपये टाकतील.' फी नाही, दर मधला. पण अधिकृत बँक किंवा कंपनीला वगळून केलेली ही अदलाबदल फेमा कायद्यात बसत नाही. शिवाय ते रुपये सायबर फसवणुकीतले निघाले, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बाबांचं खातं गोठतं. मग पीककर्जाचा व्यवहारही त्याच खात्यात अडकून पडतो.

एवढं करूनही सगळं हातात राहत नाही. युरो एका रुपयानं वर-खाली झाला की पाचशे युरोंवर पाचशे रुपयांचा फरक पडतो. दोन ॲपांतला फरक जवळपास तेवढाच आहे. म्हणून कर्जाच्या हप्त्याची तारीख जवळ आली असेल, तर दर चढण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. युरोचा भाव आपल्या हातात नसतो. त्या दिवशी कोण किती कापतं, एवढंच पाठवण्याआधी पाहता येतं.